स्टेटसची ओळ मराठीत आणताना

माझा मावसभाऊ सातारा जिल्ह्यात पोलीस भरतीची अकॅडमी चालवतो. पहाटे पाचला मुलं-मुली मैदानावर हजर असतात. मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००, शिवाय गोळाफेक. मुलं घरून निघण्याआधीच त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस पडलेलं असतं, रोज एक ओळ. चार वर्षांपूर्वी तो मला म्हणाला, "ताई, इंग्रजी-हिंदीत कसल्या कडक ओळी सापडतात. मराठीत आणल्या की मऊ पडतात. तू बघ ना जरा." तेव्हापासून त्याच्या ओळी मी मराठीत आणते. त्यातून जी पद्धत बसली ती इथे सविस्तर सांगते, कारण मऊ पडण्याची कारणं ठरलेली आहेत आणि बहुतेकांवर उपाय आहे.

पहिलं काम : घाव कुठे बसतो ते शोधा

ओळ हातात आली की लगेच भाषांतर करू नका. ती दोन-तीनदा मोठ्यानं म्हणा आणि मांडीवर हातानं ठोके धरा, प्रत्येक सुट्या उच्चाराला एक : 'सात'चा एक, 'वेळा'चे दोन. किती ठोके होतात आणि आवाज आपोआप कुठे चढतो, या दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. शब्दांची संख्या मोजू नका. मराठीत एक शब्द पाच ठोक्यांचाही असतो, त्यामुळे शब्द मोजून काही कळत नाही.

उदाहरण म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली ओळ घेते : "फॉल सेव्हन टाइम्स, स्टँड अप एट." सात ठोके. आवाज शेवटच्या 'एट'वर चढतो, कारण सातनंतर सात येईल असं वाटत असताना आठ येतात. घाव तिथे आहे. पडणं आणि उठणं ही फक्त तयारी.

आता ही ओळ मराठीत जशी फिरत असते तशी वाचा : "सात वेळा खाली पडा, आठव्या वेळी पुन्हा उभे राहा." ठोके सतरा. घाव बसायला हवा होता आकड्यावर, पण ओळ संपते 'राहा'वर. 'खाली' कशाला? वर कोण पडतं? 'पुन्हा' कशाला? 'उठणं' म्हटल्यावर ते आलंच. शिवाय 'पडा' हा मराठीत सरळ हुकूम वाटतो. इंग्रजीत तसा आज्ञार्थ 'पडलास तर' अशा अर्थानं चालून जातो, मराठीत तो 'पडा एकदाचे' असा कानावर येतो. पळायला निघालेल्या पोरांना सकाळी पाचला ते कोण सांगेल?

मी आधी "सात वेळा पड, आठ वेळा ऊठ" असं केलं. आठ ठोके, बरंच आटोपशीर. पण 'पड' राहिलंच होतं आणि ओळ 'ऊठ'वर संपत होती. मग "सातदा पडणं, आठदा उठणं" केलं. हुकूम गेला, पण शेवट 'णं'वर, म्हणजे नाकात विरणारा. "सात-आठ वेळा पडलं तरी" अशा वाटेनं जाण्यात तर अर्थच नव्हता, कारण मराठीत लागोपाठचे दोन आकडे एकत्र आले की ते अंदाजाचे होतात. सात-आठ म्हणजे सातही नाही आणि आठही नाही. या ओळीत आकड्यांना लांब ठेवणं भागच होतं.

तेव्हा मी मागे गेले. ही मुळात इंग्रजी ओळ नाही, जपानी म्हण आहे : "नाना कोरोबी, या ओकी." नाना म्हणजे सात, कोरोबी म्हणजे पडणं, या म्हणजे आठ, ओकी म्हणजे उठणं. हुकूम नाही, 'तू' नाही, 'वेळा' नाही. दोन आकडे आणि दोन क्रिया, बस. जपानी माणसाला जे चालतं ते मराठी म्हणीलाही चालतं, हे लक्षात आल्यावर आकडे शेवटी ढकलले :

"पडणं सात, उठणं आठ."

सहा ठोके. दोन्ही अर्ध्यांच्या शेवटी आकडा, दोन्ही आकडे एका ठोक्याचे आणि 'आठ'चा ठ दारावर थाप मारल्यासारखा. भावानं ही ओळ स्टेटसला लावलीच, शिवाय गोळाफेकीच्या जागेमागच्या भिंतीवर चुन्यानं लिहून घेतली.

यावरून माझा एक नेम झाला. ओळ मुळात इंग्रजीतली नसेल, तर जमेल तितकं मूळ भाषेपर्यंत जायचं. मधल्या भाषेनं आपल्या सोयीसाठी जे कर्ते आणि क्रियापदं घातलेली असतात, ती आपल्याला वाहून न्यायचं कारण नसतं.

दुसरं काम : शेवटचं क्रियापद काढता येतं का बघा

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि भाषांतरात ते बहुतेक वेळा 'आहे' असतं. "सातत्य हीच यशाची गुरुकिल्ली आहे." घाव 'सातत्य'वर हवा होता, तो सुरुवातीलाच येऊन गेला आणि शेवटी आवाज 'आहे'वर उतरत गेला. इंग्रजी ओळ वजनदार शब्दावर संपते आणि आपली साहाय्यकावर, मऊ पडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

उपाय मात्र मराठीनं कधीच करून ठेवलेला आहे. "अति तिथं माती." "आधी पोटोबा, मग विठोबा." यांत क्रियापद कुठे आहे? "दाम करी काम" मध्ये आहे, पण ते मध्ये सरकवलेलं आहे, शेवटी नाही. वाक्य दोन तुकड्यांचं, तुकडे साधारण सारखे, दुसऱ्या तुकड्यात पहिल्याचा प्रतिध्वनी आणि शेवटी वजनाचा शब्द, हा आपला घरचा साचा. भाषांतराला बसण्याआधी मी अशा दहा म्हणी मोठ्यानं म्हणून घेते. कान त्या मापात आला की ओळ आपोआप त्या मापात पडू लागते.

मात्र मूळ ओळीच्या जागी आयती म्हण ठेवून मोकळं होऊ नका. सातत्याच्या ओळीला "थेंबे थेंबे तळे साचे" अर्थानं बसते, पण ती शाळेच्या फळ्यावर इतक्यांदा वाचलेली असते की डोळा तिच्यावर थांबत नाही. साचा म्हणीचा घ्यायचा, शब्द नवे ठेवायचे. सातत्यासाठी शेवटी मी हे केलं :

"रोज थोडं, पण रोज."

पाच ठोके. 'सातत्य' हा शब्दच गेला. भाववाचक नामं, म्हणजे सातत्य, यश, ध्येय, चिकाटी, आत्मविश्वास, ही भाषणात शोभतात. स्टेटसच्या ओळीत ती जागा खातात आणि डोळ्यापुढे काही आणत नाहीत. त्या नामाच्या पोटात कुठली क्रिया आहे ते विचारा. सातत्य म्हणजे काय करायचं? रोज करायचं. मग 'रोज' लिहा.

तिसरं काम : शब्दाची सावली तपासा

इथे मी चांगलीच अडखळले आहे. हिंदीत "मेरा भी वक़्त आएगा" या धाटणीच्या ओळी रग्गड आहेत. मी सरळ "माझीही वेळ येईल" असं केलं, भावानं लावलं आणि एका मुलानं ते स्वतःच्या स्टेटसला ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीचा भावाला फोन आला. "सर, पोराला असलं अभद्र लिहायला कशाला सांगता?"

आजीचं बरोबर होतं. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" हे आपण अपघातातून वाचलेल्या माणसाबद्दल बोलतो. माणसाची 'वेळ येणे' म्हणजे मरण येणे, आणि "ही वेळ आली आमच्यावर" म्हणजे संकट. हिंदीतला 'वक़्त' आणि मराठीतली 'वेळ' घड्याळात सारखे असतील, पण 'येणे' या क्रियापदाशेजारी त्यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. दुरुस्त ओळ : "दिवस माझाही उजाडेल." पहाटे पाचला मैदानावर उभं राहून वाचायला ती मूळ हिंदीपेक्षाही नेमकी वाटते.

"नेव्हर गिव्ह अप" मध्येही अशीच खोच आहे. "हार मानू नका" हे आता इतकं रुळलंय की ते चूक म्हणवत नाही, पण त्यात हिंदीचा वास आहे आणि धार बोथट झालेली आहे. म्हणून मी "सोडायचं नाही" करून बघितलं. भाऊ म्हणाला, "ताई, हे कुणाचा तरी गेम करायचाय असं वाटतंय." खरंच, 'त्याला सोडायचं नाही' ही भांडणातली भाषा. कर्म नसलं की वाचणारा ते स्वतःच घालतो, आणि आधी माणूसच घालतो. "धरलंय ते सोडायचं नाही" असं केल्यावर तो घोळ मिटला. ओळ दोन शब्दांनी वाढली, तेवढी वाढू दिली. अर्थ दुसरीकडे जात असेल तर आखूडपणाचा हट्ट धरायचा नाही.

सावली तपासायची सोपी रीत अशी : ओळीतला मुख्य शब्द आणि क्रियापद घ्या आणि त्या जोडीची तीन रोजची वाक्यं आठवा. तिन्ही वाक्यं भांडण, आजारपण किंवा मयताकडे जात असतील तर शब्द बदला.

उलटही घडतं. "धिस टू शॅल पास" या ओळीसाठी लोक "ही वाईट वेळही निघून जाईल" लिहितात. मूळ ओळ फारसीतून पसरली, "ईन नीझ बोग्झरद", म्हणजे 'हेही जातं'. तिची सगळी ताकद ती कशाचंही नाव घेत नाही यात आहे. दुःखात वाचली तर धीर, आनंदात वाचली तर जमिनीवर आणणारी. 'वाईट वेळ' घातली की अर्धी ओळ मेली. मराठीत 'सरणे' हे क्रियापद याच कामाचं आहे. रात्र सरते, उन्हाळा सरतो, पैसे सरतात, दुखणंही सरतं.

"हेही सरेल."

इंग्रजीत चार ठोके, इथेही चार. आपल्याकडच्या जुन्या, साध्या क्रियापदांत असे हिरे बरेच आहेत : सरणे, उजाडणे, राबणे, गाजणे, निभणे, रुजणे. इंग्रजी ओळीतल्या विशेषणाच्या मागे लागण्यापेक्षा ही यादी जवळ ठेवा. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर ती आहे आणि वाढते आहे.

चौथं काम : ही ओळ कोण म्हणणार?

अकॅडमीत मुलगेही आहेत आणि मुलीही. "पडलो, पण उठलो" ही ओळ निम्म्या मैदानाला वापरता येत नाही. 'पडलो/पडले' असं तिरक्या रेघेनं लिहिलं की तो सरकारी अर्ज होतो. इंग्रजीत ही अडचण येतच नाही, म्हणून भाषांतर करताना ती शेवटपर्यंत लक्षात राहत नाही.

लिंग टाळणाऱ्या वाटा मराठीत पुष्कळ आहेत. 'मी ठरवलं', 'मी भीतीला हरवलं' यांत क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, त्यामुळे दोघांनाही चालतं. पण सावध राहा : शिकणे, विसरणे, बोलणे यांना हे लागू नाही, 'मी शिकलो' आणि 'मी शिकले' असं वेगळं होतंच. 'मी थांबणार नाही', 'मी करीन' हे भविष्यकाळ दोघांचे. 'मला पोचायचंय' दोघांचं. "पडणं सात, उठणं आठ" यात तर माणूसच नाही.

आणि सगळ्यात मराठी वाट म्हणजे '-यचं'. आपण स्वतःशी बोलतो तेव्हा असंच बोलतो : उठायचं, पळायचं, बघायचं नाही मागे. "रडायचं नाही, लढायचं" ही घोषणा सभांमध्ये, मोर्चांमध्ये, संस्थांच्या भिंतींवर टिकली ती यामुळेच. तिच्यात तू नाही, तुम्ही नाही, स्त्री नाही, पुरुष नाही, आणि यमक फुकट मिळालं आहे.

'तू' की 'तुम्ही' हा प्रश्नही इथेच सोडवा. स्टेटस सासऱ्यांनाही दिसतं आणि साहेबांनाही. "ऊठ, पळ" हे स्वतःला उद्देशून आहे हे ओळीतून कळत असेल तर 'तू' छान लागतो. उपदेश वाटत असेल तर 'तुम्ही' करून तो सुधारत नाही, भाषण होतो. तिथे '-यचं' घ्या. (एकेरी आज्ञार्थात 'ऊठ'चा ऊ दीर्घ असतो, 'उठा' आणि 'उठणं'चा ऱ्हस्व. तीन शब्दांच्या ओळीत एवढी चूकही ठळक दिसते.)

एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सगळी कामं एकत्र कशी चालतात ते एका ओळीवर दाखवते : "वर्क हार्ड इन सायलेन्स, लेट सक्सेस बी युअर नॉइज." अकरा ठोके, घाव 'नॉइज'वर. गंमत शांतता आणि आवाज यांच्या विरोधात आहे.

कच्चं भाषांतर : "शांतपणे कठोर परिश्रम करा, तुमच्या यशालाच तुमचा आवाज बनू द्या." 'बनू द्या' मराठीत परवानगी मागितल्यासारखं वाटतं, कोण कुणाला देतंय कळत नाही. 'कठोर परिश्रम' हे बोलण्यात कुणाच्या तोंडी नसतं. भाववाचक नामं काढली, आज्ञार्थ काढला आणि विरोध तेवढा ठेवला : "तोंड बंद, काम चालू." भाऊ खूश. मला मात्र ती दुसऱ्याला दटावल्यासारखी वाटली. मैदानावर शिक्षकानं ओरडायला ठीक, मुलीनं स्वतःच्या स्टेटसला लावायला नाही.

मग शांततेला शब्द शोधले. 'मुकाट' घेतला तर मान खाली घालून सोसणं येतं. 'गुपचूप'मध्ये लपवाछपवी येते. 'शांतपणे' निरुपद्रवी आहे, पण त्या '-पणे'नं ओळ लोंबते. सरळ शब्द मिळेना, तेव्हा उलट्या बाजूनं गेले : शांतता म्हणायची नाही, आवाज नको म्हणायचं. मराठीत नको असलेल्या आवाजाला काय म्हणतात? गाजावाजा. आणि यश आवाज करतं तेव्हा आपण काय म्हणतो? गाजलं.

"गाजावाजा नको. काम गाजेल."

नऊ ठोके. 'गाज' दोनदा आला, पहिल्यांदा नकोसा, दुसऱ्यांदा हवासा. 'वर्क हार्ड' मधलं 'हार्ड' गेलं. गेलं ते गेलं, कारण घाव त्याच्यावर नव्हता. प्रत्येक ओळीत एक गोष्ट सोडावीच लागते. पहिल्या कामात घाव कुठे आहे हे लिहून ठेवलं असेल, तर काय सोडायचं ते ठरवता येतं.

पाचवं काम : ज्यानं मूळ ओळ पाहिली नाही त्याला वाचायला द्या

आपल्याला मूळ ओळ पाठ असते, त्यामुळे मराठीत जे उतरलेलंच नाही तेही आपल्याला दिसतं. म्हणून मी ओळ आईला वाचून दाखवते आणि विचारते, "यात काय म्हटलंय?" ती ओळ तशीच परत म्हणाली तर ओळ जमली. ती समजावून सांगायला लागली तर अजून काम आहे. "म्हणजे काय?" असं विचारलं तर सगळं फाडून पुन्हा पहिल्यापासून. दुसरी चाचणी म्हणजे एक रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी न बघता ओळ आठवायची. आठवताना जो शब्द आपोआप गळतो, तो बहुतेक वेळा ओळीतूनही काढायचा असतो.

फोनवर चढवताना

व्हॉट्सॲपच्या 'अबाउट'मध्ये १३९ वर्णांची मर्यादा चालत आलेली आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'स्त्री' डोळ्याला एक अक्षर दिसतं, फोन ते सहा धरतो. तरी आपल्या ओळींना याची झळ लागत नाही. "सात वेळा खाली पडा..." ही लांब ओळ ४६ वर्णांची, "पडणं सात, उठणं आठ" १७ची. चोवीस तासांच्या मजकुरी स्टेटसला जागा बरीच जास्त असते, पण मजकूर वाढला की अक्षर बारीक होतं, त्यामुळे आखूड ओळ तिथे मोठ्या अक्षरात दिसते.

ओळ तोडायची ती आपणच तोडा. फोनवर सोडलं तर "पडणं सात, उठणं" वर आणि "आठ" एकटा खाली, असं होऊ शकतं. स्वल्पविरामानंतर एंटर मारा :

पडणं सात,
उठणं आठ.

उद्गारचिन्हं काढा. ओळीत जोर असेल तर ती लागत नाहीत आणि नसेल तर तीन लावूनही तो येत नाही. अनुस्वार तपासा, 'पडण सात' ही दुसरीच ओळ होते. 'खऱ्या', 'दुसऱ्या' असले शब्द 'खर्या' असे पडले नाहीत ना ते बघा. इमोजी लावायचंच असेल तर शेवटच्या शब्दाला चिकटवू नका, नाहीतर डोळा घाव बसायच्या आधीच चित्राकडे जातो.

राहिलं नाव. ओळीखाली एखाद्या थोर माणसाचं नाव आलेलं असेल आणि त्यानं ते कुठे म्हटलं हे तुम्हाला माहीत नसेल, तर नाव पुढे नेऊ नका. जपानी म्हण असेल तर 'जपानी म्हण' एवढं लिहा. आणि ओळ हयात कवीच्या कवितेतली निघाली तर तिला हात लावण्याआधी त्यांना विचारा. त्या ओळीतला कुठला शब्द सोडायचा ते ठरवणं तुमच्या हातात नाही.